चौदा हजारांचा फरक

"मधले चौदा हजार कुठं गेले, ते आमच्या अण्णालाच इचारा की," काका बँकेच्या रांगेतल्या ओळखीच्या विणकराला सांगत होते. हसतच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्यांचे अण्णा, म्हणजे माझे वडील, आप्पा, दोन हातांवर उभे होते. त्यांनी मान वर केली नाही.

पॉवरलूमसाठी काढलेल्या कर्जाचं चार लाखांचं मुद्दल बाकी होतं. एक लाख काकांनी दिले, एक लाख आप्पांनी जमवले, आणि आप्पा एकटेच बँकेत जाऊन भरून आले. दोन लाख उरायला हवे होते. बँक दोन लाख चौदा हजार सांगत होती.

मी खिडकीशी गेले. मला मराठीत विचारायला नीट शब्द सापडेनात, म्हणून हळू आवाजात इंग्रजीत विचारलं. खिडकीतल्या मॅडमनी स्टेटमेंट माझ्याकडे फिरवलं. दोन लाख पूर्ण जमा होते. पण त्याआधीचे तीन हप्ते भरलेले नव्हते. जमा रकमेतून आधी तीन महिन्यांचं व्याज गेलं, बारा हजारांच्या वर, मग उशिराचा दंड. उरलं ते मुद्दलातून वजा झालं.

हप्ते आप्पांनी मुद्दाम थांबवले होते. तेच पैसे साठवून एकदम मोठी रक्कम भरायची, असा त्यांचा हिशोब. आमच्या शहापुरात साडीवाल्या शेठकडून आगाऊ घेतलेली उचल अशीच फिटते. साडी दिली की उचलीतून वजा, माग बंद असला तर काही नाही. शेठ व्याज लावत नाही. मजुरी मात्र कमी देतो, ते कुणी मोजत नाही. चाळीस वर्षं आप्पांनी देणं म्हणजे एवढंच पाहिलं होतं.

मी परत आले तेव्हा काका म्हणत होते, "बँक कशाला खाईल? बँकेला काय पोटं हाईत?"

तो विणकर हसला. "घरातलं घरात मिटवा की रं."

"घरातच तर गेलंय ते."

आप्पा हळूच म्हणाले, "मी समदं भरलंय रं." एवढंच. का कमी झालं नाही, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसलेला माणूस खोटाच दिसतो. याच काकांनी माझ्या इंग्रजी शाळेची फी ऐकून 'पोरीला साहेब करतोय' म्हणून आप्पांची थट्टा केली होती. मी तेव्हाही गप्प होते. घरी गेल्यावर सांगावं, असं आताही वाटलं. पण घरी हा विणकर नसणार होता.

मी कागद काकांच्या हातात दिला आणि त्या माणसाकडे बघत म्हणाले, "दोन लाख पुरे भरल्यात. व्याज आधी कापलंय. काका, चोर ठरवलंत ते मोठ्यानं. आता हेबी मोठ्यानं वाचा."