ओवाळणीतली पावती

आईची मुदत ठेव पिकल्याचं बँकेचं पत्र आलं, त्या रविवारी मी पीथमपुरहून देवासला गेलो होतो. पत्र तिने उशीखालून काढलं आणि म्हणाली, "वाच. पावतीवर लिहिलेत त्याहून हे बारा-तेरा हजारांनी कमी आहेत. कुणी खाल्ले?"

पैसे मामाकडून आलेले. धारचं माहेरचं घर विकलं तेव्हा आईच्या वाट्याची त्याने ठेव करून दिली आणि पावती भाऊबिजेच्या ओवाळणीच्या ताटात टाकली. धारच्या शाखेत आईचं लग्नाआधीचं जुनं खातं होतं, त्यावरच ही ठेव केली. व्याज दरवर्षी ठेवीतच जमा होणार आणि पाच वर्षांनी सगळं एकदम मिळणार होतं. त्यातून आईला खोलीला लागून न्हाणीघर बांधायचं होतं. मागचं न्हाणीघर अंगण ओलांडून आहे, तिथे ती एकदा घसरली होती. तेव्हापासून मी आणि माझी बायको तिला पीथमपुरला नेण्याच्या मागे लागलो होतो, आणि तिला तिच्या घरातच राहायचं होतं.

पत्र वाचून मला कळलं ते एवढंच, की मुद्दल आणि जमा झालेलं व्याज यांच्याखाली 'टीडीएस' म्हणून कराची रक्कम वजा केली आहे. मला वाईट वाटायला हवं होतं. त्याऐवजी मनात आलं, बरं झालं. मी म्हणालो, "आई, दरवर्षी एप्रिलमध्ये पंधरा-एच फॉर्म द्यावा लागतो, माझ्या उत्पन्नावर कर बसत नाही म्हणून कापू नका, असा. तू विसरलीस. हे एकटीने आता होत नाही तुझ्याच्यानं."

ती उठली. कपाटातून पिशवी आणली आणि देवासच्या शाखेत, जिथल्या ठेवींच्या व्याजावर तिचं घर चालतं, तिथले शिक्के मारलेल्या पोचपावत्या माझ्या मांडीवर टाकल्या. दरवर्षीची एक, एकही सुटलेली नाही.

"विसरली कोण, भिया?" ती म्हणाली. मला 'भिया' ती रागावली की म्हणते.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि तिला घेऊन धारला गेलो. वाटेत सांगितलं, "जाऊ दे ना आई, कमी पडतील ते मी घालतो." अपराधी वाटत होतं, म्हणून ते बोललो.

"तुझे पैसे घेतले की तुझं ऐकावं लागेल," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मला माझेच हवेत."

शाखेतल्या बाईंनी पोचपावत्या पाहिल्या आणि संगणकावर बराच वेळ शोधलं. "माताजी, ये फॉर्म तो देवास वाली कस्टमर आयडी पे चढ़े हैं. आपकी दो आयडी हैं. धार का पुराना खाता अलग है."

"बँक तर एकच ना?" आईने मला विचारलं.

"बैंक एक है, पैन भी एक. इसलिए दोनों जगह का ब्याज जुड़ गया और टीडीएस की लिमिट पार हो गई. देवास में फॉर्म था, वहाँ नहीं कटा. यहाँ नहीं था, तो हर साल के ब्याज पर दस टका कटा. वो इसी एफडी से निकला."

व्याज हातात आलं नव्हतं, तरी दरवर्षी जमा धरून त्यावर कर कापला होता. कापलेलं ठेवीतून गेलं, त्यामुळे पुढचं व्याजही कमी मिळालं. एक घर, एक बाई, एक बँक, म्हणून दुसऱ्या शाखेत फॉर्म द्यावा असं आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मीच तिला विसराळू म्हणालो होतो.

"तो लौटा दो," आई म्हणाली.

"पैसा सरकार के पास जमा हो चुका, माताजी. रिटर्न भरोगी तो उधर से आएगा. पर पुराने सालों की तारीख निकल गई. उसके लिए आयकर वालों को देरी माफ़ करने की अर्जी देनी पड़ेगी. मानें या न मानें."

"न माने तो भी देंगे," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "लिहून घे."

मी लिहून घेतलं. दोन्ही खाती एकाच आयडीवर आणायचा अर्जही तिने तिथेच भरला. मी मदतीला पेन पुढे केलं, तर तिने स्वतःचं काढलं.

परत येताना बायकोचा फोन आला. "काय ठरलं? आणताय ना आईंना?"

आई शेजारीच बसली होती, ऐकत नसल्यासारखी.

"नाही," मी म्हणालो. "न्हाणीघर बांधतोय."

तिकडून बरंच बोलणं झालं. घसरणं, वय, शेजारी, सगळं. मीच इतकी वर्षं हे सगळं बोलत आलो होतो. मी पुन्हा नाही म्हणालो आणि फोन ठेवला.

संध्याकाळी मिस्त्री आला. मिळालेल्या पैशांत भिंती, फरशी, धरायचा दांडा बसत होता. गीझर बसत नव्हता.

"गीझर भी लगवा दूँ, अम्मा?" मिस्त्रीने माझ्याकडे बघत विचारलं.

"त्याच्याकडे काय बघतोस?" आई म्हणाली. "नळाची जागा सोडून ठेव. कर परत आला की बसवू. तोवर पाणी गॅसवर तापवीन."

मी पाकिटासाठी खिशात घातलेला हात तसाच बाहेर काढला.