नंदाने दार बुजवलं

पोशीर गावात भाताच्या खाचरांकडे तोंड करून दोन घरं एकाच पडवीला लागून उभी आहेत. एकात नंदा एकटी राहते. नवरा गेला, मूल नव्हतं. नेरळकडच्या एका फार्महाऊसवर ती स्वयंपाक करते. दुसऱ्या घरात तिचा धाकटा दीर विलास, त्याची बायको समीक्षा आणि सासू आनंदीबाई. दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीत एक दार होतं, आणि त्यातून विलासची सव्वा वर्षाची सुरभी दिवसभर रांगत, मग धडपडत चालत, नंदाकडे यायची.

एका रविवारी नंदाने तिला आपल्या ताटातला मऊ भात भरवला. सोमवारी पोर तापली. अंग असं भाजत होतं की समीक्षाचा हात चटकन मागे आला. नेरळच्या डॉक्टरने तापाचं औषध दिलं. ते दिलं की ताप उतरायचा, पोर थोडी खेळायची, काही तासांनी पुन्हा चढायचा. खोकला नाही, सर्दी नाही, नुसता ताप.

मंगळवारी आनंदीबाईंनी मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही, म्हणून त्यांनी मान डोलावली.
"नजर लय जबर हाय."
कोणाची, ते त्या बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त मधल्या दाराकडे पाहिलं. त्या दिवसापासून समीक्षाने ते दार आतून लावून ठेवलं.

गुरुवारी सकाळी ताप साफ गेला. पण दुपारी अंघोळ घालताना समीक्षाला पोरीच्या छातीवर, पोटावर आणि पाठीवर गुलाबी ठिपके दिसले. संध्याकाळपर्यंत ते मानेवर चढले. समीक्षा अंगणात आली आणि आळीला ऐकू जाईल असं बोलली.
"वांझोटीनं भात भरवला नि माझ्या पोरीला खाल्लं. करणी हाय ही."
शेजारणी दारात उभ्या होत्या. नंदाने हातातली तांदळाची परात खाली ठेवली.
"पोरीला कर्जतच्या डागतरकडं नेताय ना उद्या? मी पण येते. डागतर काय सांगतो ते मलाबी ऐकायचंय."

सकाळी विलासने टेंपो काढला, तशी नंदा मागे चढून बसली. समीक्षा तिच्याकडे पाठ करून बसली.

कर्जतच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी पोरीला पुढून-मागून तपासलं. एक ठिपका बोटाने दाबला, तो फिका पडला आणि पुन्हा गुलाबी झाला.
"ताप आधी गेला का पुरळ आधी आलं?"
"ताप गेला, मग आलं," विलास म्हणाला.
"गोवरात पुरळ येताना ताप जोरात असतो. डोळे लाल, खोकला असतो. पुरळ तोंडावरून सुरू होतं. इथे तसं काही नाही, गोवराची लसही झाली आहे. हा बहुधा रोझिओला. लहान मुलांना होतो. विषाणू असतो. पुरळ आपोआप जाईल, त्याला औषध लागत नाही. ताप परत आला, पोर सुस्त पडली किंवा पाणी पीत नसली तर लगेच आणा."
"कुणी भात भरवला म्हणून होतं का?" नंदाने विचारलं.
बाईंनी दोघींकडे पाहिलं. "लाळेतून पसरतो खरा. पण बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात तो असतोच. तुमच्याकडून, आईकडून, आजीकडून, कोणाकडूनही आला असेल. यात कोणाचा दोष नाही."
समीक्षाने पदर डोक्यावर ओढला.

नंदाला एवढ्याने पुरलं नाही. ती कर्जतहून परतली ती थेट पोलीस पाटलाकडे. करणी केली म्हणून बाईला बदनाम करणं हा गुन्हा आहे, हे तिने फार्महाऊसवरच्या लोकांकडून ऐकलेलं होतं.
"तक्रार देणार हाय मी."
रात्री विलास आला. "वैनी, घरचं हाय. जाऊ दे."
"तिनं अंगणात बोललं. माफी पण अंगणात मागायची. आळी जमवून. नायतर मी ठाण्यात जाते."

रविवारी आळी जमली. समीक्षा खाली मान घालून बोलली, "माझी चूक झाली. ताईनं काय केलं नाय."
"ऐकू नाय आलं," नंदा म्हणाली. "त्या दिवशी बोललीस तेवढ्यानं बोल."
समीक्षाला रडू फुटलं, पण ती मोठ्याने बोलली. नंदा आनंदीबाईंकडे वळली. त्यांनाही तेच बोलायला लावलं. म्हातारीचा आवाज थरथरला, तरी नंदाने एक शब्दही गाळू दिला नाही. तिला आत कुठेतरी थंड, गोड वाटलं.

तेवढ्यात सुरभी पायरी उतरून आली. पुरळ पार विरलं होतं. तिने नंदाचं लुगडं धरून हात वर केले. नंदाचे हात उचलले जायला लागले होते. मग ती समीक्षाकडे पाहत म्हणाली, "घे गं तुझी पोर. पुन्हा माझ्या दारात पाठवू नको."

दुसऱ्या दिवशी तिने गवंडी बोलावून मधलं दार विटांनी बुजवून घेतलं. पलीकडून सुरभी भिंतीवर हात आपटत "काकी" म्हणत राहिली. नंदा चुलीपाशी भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नाहीत.