भिंतीवरची टिकली

ताप उतरून आठवडाही झाला नव्हता, तोच सकाळी उठताना डिंडोलीतली आमची खोली गरगर फिरू लागली, उलट्या सुरू झाल्या. सासूबाईंनी माझं डोकं घट्ट धरलं, "अजिबात हलवू नको!"

दोन-तीन दिवसांनी उलट्या थांबल्यावर डॉक्टर म्हणाले, "कानातल्या तोल सांभाळणाऱ्या नसेला सूज आहे. आता चक्करेच्या गोळ्या बंद. डोकं हलवाल, तरच मेंदू तोल शिकेल."

मी घरी साड्यांना टिकल्या चिकटवते. त्यातलीच एक भिंतीवर लावली. तिच्यावर नजर रोखून डोकं डावी-उजवीकडे फिरवायचं. टिकली पळायची, मला मळमळायचं. थांबले की सासूबाई मागून ओरडायच्या, "हलव!" मेला छळ नुसता!

एका दुपारी टिकली जागची हलली नाही. आनंदानं मागे वळले. माझ्या वाटच्या साड्यांवर वाकून, चष्मा सावरत, सासूबाई टिकल्या चिकटवत होत्या.