आठ शब्दांची बातमी

नवीन पनवेलमधल्या एका केबल चॅनेलच्या ऑफिसात मी चार वर्षं नोकरी केली. सकाळचं प्रादेशिक बातमीपत्र रेडिओवरून कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायचं, दोनदा ऐकायचं आणि त्याच्या मथळ्यांची पट्टी टीव्हीच्या पडद्यावर खालच्या बाजूला सोडायची, हे माझं काम. कोण, कुठे, काय, किती एवढंच ठेवायचं. मालकांचा नियम होता, एका मथळ्यात आठच शब्द.

एके दिवशी बातमी आली: तळोज्याच्या एका रासायनिक कारखान्यात वायुगळती, दोन कामगार दगावले, एका कामगाराने झडप उघडी ठेवल्याने गळती झाल्याचं व्यवस्थापनाचं म्हणणं, चौकशीचे आदेश. मी लिहिलं, ‘तळोज्यात कामगाराच्या चुकीने वायुगळती, दोघांचा मृत्यू, चौकशी सुरू’. बरोबर आठ शब्द. मालक म्हणाले, “छान बसवलंस.” मला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं.

पट्टी दिवसभर फिरली. तिसऱ्या दिवशी खारघरमधल्या बेलपाड्याहून एक म्हातारे गृहस्थ आले. गेलेल्यांपैकी एक त्यांचा मुलगा. झडपेवर त्या पाळीला तोच होता.

“बाय, माज्या पोराची चूक होती, ह्ये तुमाला कोनी सांगितलं?”

“रेडिओवर सांगितलं, काका.”

“मंग ऐकव मला.”

मी रेकॉर्डिंग लावलं. ते मान खाली घालून ऐकत होते. ‘व्यवस्थापनाचं म्हणणं आहे’ हे शब्द आले तसे ते म्हणाले, “थांबव.” मी थांबवलं.

“रेडिओ म्हनतो, कंपनी असं म्हनते. तुमी तं सरळ चूकच लिवली. गावात लोक माज्या सुनेला बोलतात, दुसऱ्याचा पोर पन यानंच मारला म्हनून.”

“जागा नव्हती,” मी म्हणाले. ते उठले आणि जिना उतरून गेले.

दुरुस्तीची पट्टी सोडू या, असं मी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, “शिळ्या बातमीची दुरुस्ती कोण वाचणार?” मी पुन्हा विचारलं नाही.

काही महिन्यांनी बातमीपत्राच्या शेवटी एक वाक्य आलं. झडप आधीपासून नादुरुस्त होती, तशी तक्रारही झाली होती, असं चौकशी अहवालात म्हटलं होतं. मी मथळा केला, ‘तळोजा वायुगळती: झडप आधीपासूनच नादुरुस्त, चौकशी अहवालाचा निष्कर्ष’. मालकांनी तो वाचला आणि काढून टाकला. त्या आठवड्यात त्याच कारखान्याच्या दिवाळी शुभेच्छांची जाहिरात आमच्या चॅनेलवर चालू होती.

मी तेव्हा नोकरी सोडली असती, तर आज हे सांगताना जरा मान वर राहिली असती. सोडली नाही. बेलपाड्याला जाऊन त्या काकांना अहवालाचं सांगावं, असंही बरेचदा मनात आलं. खारघरचा तो रस्ता माझ्या रोजच्या जाण्यायेण्याचा होता. मी गेले नाही.