वैशाखातले मटार

त्या काळी हिंगोलीत फ्रीज असलेली घरं मोजकीच होती. त्यातलं एक आमचं, याचा मला भारी तोरा होता. माझा भाऊ हैदराबादला शीतगृहात नोकरीला. त्यानं एका ओळखीच्या जीपवाल्याबरोबर गोठवलेल्या मटारची पिशवी बर्फाच्या डब्यात घालून पाठवली. ऐन वैशाखात मटार! दुसऱ्या दिवशी यांचे साहेब जेवायला येणार होते.

जीप आखाडा बाळापूरला बंद पडली. सकाळी यायची ती संध्याकाळी आली. डब्यातल्या बर्फाचं पाणी झालेलं, पिशवी मऊ आणि कोमट, मध्ये तेवढा एक गार गोळा. सोबत भावाची चिठ्ठी होती. वाटेत थोडा बर्फ सुटला पण मटार बर्फगार असले तर लगेच शिजव, कोमट झाले तर सरळ फेक, पुन्हा गोठवून किंवा उकळून ते सुधारत नाहीत.

मी चिठ्ठी वाचली आणि पिशवी बर्फाच्या कप्प्यात कोंबली. फेकायला जीव होईना. सकाळी सुट्या दाण्यांची वीट झाली होती. साहेबांच्या पानात ते वाढायची काही हिंमत झाली नाही. मी मुकाट्यानं बटाटे चिरले आणि ती वीट आमच्याकडे भांडी घासणाऱ्या बाईच्या हातात ठेवली.

ती हरखली. "समदे मला? काहून, बाई?"

"आम्हाला जास्त झाले."

त्या लोकांना सवय असते, पोटं घट्ट असतात, असं मी मनातल्या मनात म्हणाले. हे लिहिताना आजही माझी मला किळस येते.

दुपारच्या भांड्यांना ती आली ती पितळी डबा घेऊनच. काळा मसाला घातलेली उसळ होती. माझा चार वर्षांचा मुलगा धावत गेला. तिनं त्याला मांडीवर घेतलं, घास फुंकून गार केला.

"माझे लेकरं घरी वाट पाहून राहिले. म्हनलं, पयला घास ह्याला. बाईनं देल्ले ना."

"नको! त्याला नको देऊस!" मी ओरडले आणि पोराला ओढून घेतलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे. "खराब हायेत का?"

मी मान खाली घातली.

"तुमाला कवापासून ठावं व्हतं?"

"कालपासून."

ती उठली आणि तशीच अनवाणी घराकडे धावत सुटली. उरलेल्या उसळीचं पातेलं तिच्या घरी चुलीपाशीच होतं.

लेकरांनी हात लावला नव्हता, हे मला शेजारणीकडून कळलं. ती स्वतः पुन्हा आली नाही. तिची चप्पल आणि डबा आमच्या दारात राहिले. डबा घासून, चार शब्द बोलून, मी स्वतः नेऊन द्यायला हवा होता. मी दोन्ही यांच्या शिपायाच्या हातून पाठवून दिलं.