तिकिटाएवढी वहिनी

छापखान्यात कुजबुज होती, की पानं जुळवणाऱ्या मांडणीकाकांचं गेलेल्या बायकोशी कधी पटलंच नाही. नाहीतर तिच्या प्रवासाच्या फोटोंच्या पुस्तकात डोंगर दोन-दोन पानं पसरलेत आणि ती मात्र तिकिटाएवढी?

"वहिनींच्या बाबतीत एवढा कंजूसपणा?" बांधणीवाल्या बाईंनी टोमणा मारला.

"दोन पानांवर ताणली तर चेहरा मधल्या शिवणीत जाईल."

"मग एक पानभर तरी करा!"

तीन मोठ्या फोटोंनंतर काकांनी डावं पान कोरं सोडलं आणि उजव्या पानाच्या मधोमध तो लहान फोटो ठेवला.

"डोळा इथे थांबेल," ते म्हणाले आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.

बाकीचे सगळे फोटो तिनेच काढले होते. तिचा स्वतःचा हा एकच होता, आणि तो मोठा केला की फुटून चेहरा धूसर होत होता.