बटर पेपरवरचे पट्टे

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मी नाशिकच्या एका सायंदैनिकात उपसंपादक होतो. कचेरी रविवार कारंजाच्या मागच्या बोळात होती. वर संपादकीय आणि संगणक, खाली छपाई. संगणकावर लावलेले पान लेझर प्रिंटरमधून बटर पेपरवर, म्हणजे पातळ अर्धपारदर्शक कागदावर, निघे, त्यावरून प्लेट तयार होई आणि प्लेट मशीनवर चढे.

बटर पेपर नाजूक असतो. जिन्यावरून खाली नेताना तो मुडपे आणि सुरकुती थेट प्लेटवर उतरे. त्यामुळे मालकांनी लांब वायर टाकून प्रिंटरच खाली नेला. छपाईच्या हॉलमध्ये अंकांच्या घड्या घालण्याचे लाकडी टेबल होते. त्याच्या एका टोकाला, पश्चिमेच्या खिडकीखाली, तो ठेवला. जिना वाचला. निर्णय चुकीचा आहे असे तेव्हा कोणालाच वाटले नाही. मलाही नाही.

थोड्याच दिवसांत पहिल्या आणि शेवटच्या पानांवरच्या फोटोंत आडवे पट्टे दिसू लागले, एक फिका, एक गडद. मजकुरात ते लपत, फोटोत लपत नसत. शेवटच्या पानावर निधनवार्ता असत.

एके दिवशी मखमलाबादकडचा एक फूलशेतकरी अंक घेऊन आला आणि त्याने तो ऑपरेटर बाईंसमोर पसरला.

“आमच्या दादांच्या तोंडावर ह्या रेघा कुणी वढल्या? जित्तेपणी लय देखणा माणूस व्हता.”

बाई संगणकावर बसत. वय पस्तिशीचे, नवरा आजारी, घर त्यांच्या पगारावर. त्या म्हणाल्या, “भाऊ, उद्या परत छापू.” दुसऱ्या दिवशी फोटो परत छापला. पट्टे परत आले.

प्रिंटरचा दुरुस्तीवाला आला तो सकाळी. त्याने आतल्या काचेवरची धूळ पुसली. कागदाच्या भुकटीने ती काच मळली होती आणि त्यामुळे पानावर एक उभी पांढरी रेघ येत होती. ती गेली. त्याने चाचणीची पाने काढली. एकही पट्टा नव्हता. “प्रिंटर ओके आहे, शेठ. हाताळणीत काहीतरी होतंय.”

मालकांना एवढे पुरेसे होते. त्यांनी बाईंना सांगितले, “एक तारखेपासून दुसरा माणूस बघतो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

कागद अडकला की बाई खाली येऊन प्रिंटरचे झाकण उघडत. दुपारी खिडकीतले ऊन थेट आतल्या ड्रमवर, ज्याला उजेड सोसत नाही त्यावर, पडे आणि पुढची पाने मळकट निघत. हेही त्यांच्याच खाती जमा होत होते.

आमच्या कामाचा क्रम ठरलेला होता. आतली पाने सकाळी निघत. ती मशीनवर छापली जात असताना पहिले आणि शेवटचे पान प्रिंटरमधून निघे. एका दुपारी शेवटच्या पानाचे बटर हातात घेऊन बाई पट्टे बघत होत्या. तेवढ्यात मशीनवर कागद तुटला आणि मशीनमनने ते थांबवले.

“काका, थांबवलंच आहे तर पाच मिनिटं तसंच राहू द्या,” बाई म्हणाल्या. “डोकं उठलंय.”

“मशीनच्या आवाजाने डोकं उठतं, मग मी काय बत्तीस वर्षं देवळात बसलोय?” तो कागद लावता लावता म्हणाला.

त्या शांततेत बाईंनी वर जाऊन तेच पान पुन्हा काढले. फोटो स्वच्छ. मशीन सुरू झाले. आणखी एक काढले. पट्टे. त्यांनी टेबलावर तळहात ठेवला आणि मशीनमनला हाक मारली. त्यानेही हात ठेवला.

“हे तर थरथरतंय की.”

“रोज थरथरतंय, काका. सकाळी थरथरत नाही.”

प्रिंटरमध्ये लेझरचा किरण पान ओळीओळीने ड्रमवर उमटवतो. खालून हादरा बसला की ओळींमधले अंतर चुकते. ओळी जवळ आल्या की गडद पट्टा, लांब गेल्या की फिका. दुरुस्तीवाला आला तेव्हा छपाईचे मशीन बंद होते.

बाईंनी दोन्ही पाने मालकांसमोर ठेवली. ते खाली आले, मशीन बंद-चालू करवून पाहिले. मग म्हणाले, “म्हणजे परत जिना.”

वर, आतल्या भिंतीशी, शिशाचे खिळे हाताने जुळवण्याच्या काळातले दगडी टेबल पडून होते. त्यावर पूर्वी जुळवलेली पाने चौकटीत आवळत. चौघांनी प्रिंटर वर नेऊन त्यावर ठेवला. तिथे ऊन येत नव्हते, खालची भुकटी पोचत नव्हती, आणि मशीन चालू असतानाही दगड हातांना गार आणि स्थिर लागे.

दुसऱ्या माणसाचा विषय मालकांनी पुन्हा काढला नाही. बाईंनीही विचारले नाही. बटर पेपर दोन पुठ्ठ्यांमध्ये धरून त्या जिना उतरत आणि रिकामे पुठ्ठे घेऊन वर येत. मी ती कचेरी सोडली तोपर्यंत हे चालू होते. शेवटी शेवटी चढताना त्या मधल्या पायरीवर दम घ्यायला थांबत, पुठ्ठे छातीशी धरून.